हृदयावरचा वण काय सांगतो?

इकोच्या रिपोर्टवर हृदयाची ताकद कमी लिहिलेली दिसली की घरची मंडळी विचारतात, "डॉक्टर, ॲटॅक येऊन गेला का?" इकोत हृदय किती आकुंचन पावते ते दिसते, ते का थकले, हे बऱ्याचदा कळत नाही.

खांबकडच्या ५२ वर्षांच्या एका शेतकरी रुग्णाचेच पाहा. बांध चढताना धाप लागे, पायांवर सूज होती. मधुमेह, त्यात विडी. हृदयाची ताकद २८ टक्के. निरोगी माणसात ती ५५ च्या आसपास किंवा अधिक असते. ॲन्जिओग्राफीत एका रक्तवाहिनीत मध्यम अडथळा निघाला. तेवढ्याने सगळे हृदय थकेल, हे मला पटेना. म्हणून हृदयाच्या एमआरआयसाठी त्यांना मुंबईला धाडले.

या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियम नावाचे द्रव्य देतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी चित्रे काढतात. हे द्रव्य जिवंत पेशींच्या आत शिरत नाही, पेशींमधल्या मोकळ्या जागेत फिरते. निरोगी स्नायूत पेशी दाटीने असतात, त्यामुळे ते लवकर निघून जाते. स्नायू मरून वण झाला असेल, तर तिथे जागा जास्त, म्हणून ते रेंगाळते. चित्रात निरोगी स्नायू काळा आणि वण पांढरा उमटतो.

खरी मेख त्या पांढऱ्याच्या जागेत आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या बाहेरच्या पृष्ठभागावरून धावतात आणि तिथून फांद्या आत शिरतात. आतला थर म्हणजे पाटाच्या टोकाचे शेत, पाणी शेवटी मिळणार. शिवाय दाबही त्यावरच अधिक. वाहिनी बंद झाली की आधी आतला थर मरतो आणि मग मरण बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून ॲटॅकच्या वणात आतला थर असतोच, आणि तो वण त्या वाहिनीच्या हद्दीत असतो. विषाणूमुळे स्नायूला सूज येऊन गेली असेल, तर वण बहुधा बाहेरच्या थरात, डाव्या कडेला सापडतो.

आमच्या रुग्णाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, जाडीच्या बरोबर मध्यावर, एक पांढरी रेघ होती. आतला थर शाबूत होता. म्हणजे हा ॲटॅक नव्हे. आजार स्नायूचाच आणि तो अडथळा नुसता सोबती. स्टेंट टाकून हृदयाला ताकद आली नसती. औषधे सुरू केली. असा आजार कधी घराण्यातून येतो, म्हणून भावंडांचा व मुलांचा इको करायला सांगितला. अशा रेषेमुळे ठोक्यांची धोकादायक गडबड होण्याची शक्यता वाढते, म्हणून कधी चक्कर येऊन पडलात का, हेही खोदून विचारले.

वण दिसला नाही म्हणजे स्नायू निरोगी, असे मात्र नव्हे. तंतू सगळीकडे सारखे पसरले असतील, तर काळ्या-पांढऱ्याचा फरकच उरत नाही. उलट, गुठळी आपोआप विरघळून वाहिनी मोकळी दिसते, पण वण ॲटॅकचाच निघतो, असेही घडते.

तपासणीला पाऊण तास लागतो आणि मधूनमधून श्वास रोखावा लागतो. पेसमेकर असेल किंवा किडनी फारच कमजोर असेल, तर ते आधीच सांगावे.