भावाचा अलर्ट: अट एका ओळीची, काम त्यापुढचं

कॉलेजच्या फायनान्स क्लबात तासाभराचं एक व्याख्यान. विषय असा की शेअरचा भाव ठरावीक आकड्याला पोचला की फोनवर मेसेज यावा, अशी आपली पहिली स्क्रिप्ट लिहायची. मुलांना पायथनची तोंडओळख आहे, बाजाराची थोडी माहिती आहे, आणि डोक्यात काही पक्के गैरसमज आहेत. व्याख्यानाची आखणी त्या गैरसमजांच्या क्रमानेच करावी असं मला वाटतं. कोड शिकवायला वीस मिनिटं पुरतात. उरलेला वेळ मेसेज नेमका कधी यावा, कधी येऊ नये आणि आला नाही तर त्याचा अर्थ काय, यासाठी राखून ठेवावा.

गैरसमज: स्क्रिप्ट लिहिली म्हणजे अल्गो ट्रेडिंग सुरू झालं, त्याला सेबीची परवानगी लागते.

हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच, म्हणून तो आधी मिटवावा. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगसाठी जे परिपत्रक काढलं, ते आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल आहे. आपली स्क्रिप्ट भाव वाचते आणि मेसेज पाठवते. ती ब्रोकरच्या खात्यात शिरत नाही, ऑर्डर टाकत नाही. वर्गात ही सीमा स्पष्ट आखावी आणि पहिल्या व्याख्यानात ती ओलांडू नये. ‘ऑर्डरही टाकता येईल का?’ असं कोणी विचारलंच, तर त्यासाठी ब्रोकरची अधिकृत सेवा आणि वेगळे नियम लागतात, एवढं सांगून पुढे जावं.

गैरसमज: अट लिहिली की काम झालं.

व्याख्यानाचा गाभा इथे आहे. सुरुवात इंटरनेटशिवाय करावी. फळ्यावर दहा काल्पनिक भाव लिहावेत: १४९२, १४९८, १५०१, १४९९, १५०२, १५०३, १४९६, १४८२, १४९०, १५०४. मर्यादा १५००. मग विचारावं, ‘किती मेसेज यायला हवेत?’

सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ती अट अशी: भाव १५०० किंवा त्याहून जास्त असेल तर मेसेज पाठव. या यादीवर तिने चार मेसेज जातात. इथे चारच आहेत, पण खऱ्या बाजारात भाव दुपारभर मर्यादेच्या वर राहिला आणि स्क्रिप्ट दर मिनिटाला चालत असली तर शेकडो मेसेज येतील. मग माणूस नोटिफिकेशनच बंद करून टाकतो, आणि अलर्ट असून नसल्यासारखा होतो.

कोणीतरी सुधारणा सुचवेल: आधीचा भाव मर्यादेखाली आणि आताचा वर असेल, तेव्हाच मेसेज. ही अट बरीच चांगली आहे. पण आपल्या यादीवर ती तरीही तीन मेसेज पाठवते, कारण १४९९ वर येऊन भाव पुन्हा १५०२ ला गेला. गोल आकड्यांजवळ भाव असाच घुटमळतो, कारण अनेकांच्या ऑर्डर तिथेच लागलेल्या असतात.

म्हणून मर्यादा दोन ठेवायच्या. १५०० ला मेसेज जातो आणि अलर्ट झोपतो. भाव १४८५ किंवा त्याखाली आला तरच तो पुन्हा जागा होतो.

```python
prices = [1492, 1498, 1501, 1499, 1502,
          1503, 1496, 1482, 1490, 1504]
LIMIT, REARM = 1500, 1485
armed = True
for p in prices:
    if armed and p >= LIMIT:
        print("अलर्ट:", p)
        armed = False
    elif not armed and p <= REARM:
        armed = True
```

उत्तर दोन: १५०१ ला एक, आणि भाव १४८२ पर्यंत उतरून पुन्हा चढला तेव्हा १५०४ ला दुसरा. दोन मर्यादांमधलं अंतर किती ठेवायचं, हे शेअरच्या स्वभावावर ठरतं. इथे १ टक्का धरला आहे. रोज तीन-चार टक्के हलणाऱ्या छोट्या कंपनीला तो अपुरा पडेल. मुलांना `REARM` बदलून पाहू द्यावं. १४९७ ठेवलं तरी उत्तर दोनच येतं, पण `1499` ठेवलं की तीन होतं. हा प्रयोग स्वतः केला की स्लाइडवर काही समजवावं लागत नाही.

आता याच कोडचा एक कच्चा दुवा दाखवावा. `armed` हा शब्द मेमरीत आहे. वरची यादी एका दमात चालते, म्हणून तो टिकतो. खरी स्क्रिप्ट मात्र दर पाच मिनिटांनी नव्याने सुरू होणार आणि प्रत्येक वेळी तिला वाटणार की आपण जागे आहोत. त्यामुळे ती अवस्था एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. लिहिण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मेसेज पाठवायचा, तो पोचल्याची खात्री करायची आणि मगच ‘झोपला’ अशी नोंद करायची. उलट केलं आणि नेमकं तेव्हा नेटवर्क गेलं, तर मेसेज कायमचा हरवतो. बरोबर क्रमात वाईटात वाईट काय होईल, तर एकच मेसेज दोनदा येईल.

गैरसमज: मिळालेला आकडा म्हणजे आत्ताचा भाव.

आता इंटरनेट जोडावं. शिकण्यासाठी याहू फायनान्सवरचे भाव आणणारी `yfinance` ही पायथन लायब्ररी सोयीची आहे. एनएसईच्या शेअरच्या नावापुढे `.NS` लावायचं, बीएसईसाठी `.BO`. ती याहूची अधिकृत लायब्ररी नाही आणि वैयक्तिक वापरापुरतीच आहे, हे सुरुवातीलाच सांगावं. याहूने आपल्या बाजूने काही बदललं तर ती एखाद्या दिवशी चालेनाशी होऊ शकते.

```python
import yfinance as yf
bars = yf.Ticker("RELIANCE.NS").history(
    period="1d", interval="1m")
print(bars.index[-1], bars["Close"].iloc[-1])
```

या ओळी भावाआधी वेळ छापतात, ते मुद्दाम. सुट्टीच्या दिवशी किंवा सकाळी सव्वानऊच्या आधी हा कोड चालवला तर त्रुटी येईलच असं नाही. मागच्या सत्राचे भाव निमूट हातात पडू शकतात. स्क्रिप्टला तारीख पाहायला शिकवलं नाही, तर १५ ऑगस्टला ती आदल्या सत्राचा भाव वाचून ‘मर्यादा गाठली’ असं कळवेल. म्हणून शेवटच्या कॅन्डलची वेळ आणि आत्ताची वेळ यांतला फरक काढावा. तो समजा दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल, तर त्या भावावर काहीही ठरवू नये.

याहून अवघड गोष्ट म्हणजे रिकामा आकडा. एखाद्या मिनिटाचा भाव मिळाला नाही तर त्या जागी `NaN` येऊ शकतं. `NaN >= 1500` याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असं येतं, आणि `NaN <= 1485` याचंही. प्रोग्रॅम बंद पडत नाही, तक्रार करत नाही, फक्त गप्प राहतो. वर्गात `float("nan") >= 1500` हे टाइप करून दाखवायला दहा सेकंद लागतात.

गैरसमज: भाव खाली आला म्हणजे नुकसान झालं.

इथे रिलायन्सचं उदाहरण घ्यावं. कंपनीने एकास एक बोनस दिला आणि त्याची रेकॉर्ड तारीख होती २८ ऑक्टोबर २०२४, सोमवार. आदल्या शुक्रवारी शेअर सुमारे २,६५५ रुपयांवर बंद झाला होता. सोमवारी व्यवहार त्याच्या निम्म्याच्या आसपास सुरू झाले. ज्याच्याकडे दहा शेअर होते त्याचे वीस होणार होते, म्हणजे बोनसमुळे कोणाचा एक रुपयाही गेला नाही. पण ‘२,६०० च्या खाली गेला की कळव’ अशी साधी स्क्रिप्ट त्या सकाळी पहिल्याच फेरीत धोक्याचा मेसेज पाठवणार.

गंमत पुढे आहे. आज तोच काळ इतिहास म्हणून मागवला, तर जुने भाव बोनसनुसार निम्मे केलेले मिळतात. त्या यादीत शुक्रवारचा भाव १,३२८ च्या जवळपास दिसतो आणि मोठी घसरण सापडतच नाही. म्हणजे जुन्या भावांवर तपासलेली स्क्रिप्ट आणि प्रत्यक्ष चालणारी स्क्रिप्ट दोन वेगळ्या दुनिया पाहतात. यावर पहिल्या व्याख्यानापुरता सोपा उपाय असा: कालच्या बंद भावापेक्षा फरक २० टक्क्यांहून जास्त दिसला, तर मेसेजचा मजकूर बदलावा. ‘घसरला’ असं न लिहिता ‘बोनस किंवा स्प्लिट आहे का ते तपासा’ असं लिहावं.

गैरसमज: मेसेज आला नाही, म्हणजे भाव तिथवर गेला नाही.

माझ्या मते हा सगळ्यांत घातक. मेसेज न येण्याची कारणं अनेक असतात. लॅपटॉप झोपला, वायफाय गेलं, लायब्ररी बिघडली, आकडा रिकामा आला. गिटहब अ‍ॅक्शन्सवर वेळापत्रक लावलं असेल तर ते सहसा यूटीसी वेळेत लिहितात. आपले सव्वानऊ म्हणजे तिथले पावणेचार, हे विसरून ९ लिहिलं तर स्क्रिप्ट दुपारी अडीचला जागी होते. शिवाय तिथल्या फेऱ्या गर्दीच्या वेळी उशिरा होऊ शकतात, त्यामुळे मिनिटाच्या नेमकेपणाची अपेक्षा ठेवू नये. आणि ९:१५ ते ३:३० एवढंच गृहीत धरणारी स्क्रिप्ट १ नोव्हेंबर २०२४ च्या मुहूर्ताच्या व्यवहारात झोपून राहिली असती, कारण ते सत्र संध्याकाळी ६ ते ७ होतं.

उपाय म्हणजे रोजची हजेरी. सकाळी ९:२० ला स्क्रिप्टने एक मेसेज पाठवावा: चालू आहे, शेवटचा भाव इतका, तो इतक्या वाजताचा. साडेनऊपर्यंत हजेरी आली नाही, तर स्क्रिप्ट बंद आहे असं धरून चालावं. दिवसभराची शांतता खरी मानायची की नाही, हे त्यावरून कळतं.

मेसेजसाठी टेलिग्रॅमचा बॉट पुरतो. `BotFather` कडून टोकन घ्यायचं, स्वतःच्या फोनवरून बॉटला आधी `Start` करायचं, कारण बॉट आपणहून कोणाशी बोलणं सुरू करू शकत नाही, आणि मग `sendMessage` ला हाक मारायची. उत्तरात यश आलं की नाही ते तपासल्याशिवाय अवस्थेची फाइल बदलायची नाही. वक्त्याने एक काळजी घ्यावी: टोकन प्रोजेक्टरवर दिसू देऊ नये. मुलं पडद्याचे फोटो काढतात, आणि टोकन हाती लागलेला कोणीही त्या बॉटच्या नावाने मेसेज पाठवू शकतो. टोकन कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावं. दिसलंच तर `BotFather` ला `/revoke` सांगून तिथल्या तिथे रद्द करावं.

‘एवढं करण्यापेक्षा ब्रोकरच्या अ‍ॅपमधला अलर्ट काय वाईट?’ असं कोणी विचारेल. वाईट नाही. एका शेअरच्या एका भावासाठी तोच वापरावा, असं मोकळेपणाने सांगावं. अ‍ॅपमध्ये न मिळणारी अट हवी असेल तेव्हा स्वतःची स्क्रिप्ट कामाला येते. उदाहरणार्थ, दोन बँकांच्या भावांचं गुणोत्तर किंवा आपल्याच पाच शेअरांची एकत्र बेरीज.

शेवटची दहा मिनिटं स्क्रिप्ट मोडून पाहण्यासाठी ठेवावीत. प्रत्येकाने मर्यादा चालू भावाच्या खाली आणून स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवावी, मेसेज एकच यायला हवा. मग अवस्थेची फाइल पुसून, टोकन मुद्दाम चुकीचं ठेवून चालवावी आणि फाइलमध्ये ‘झोपला’ अशी नोंद झाली का ते पाहावं. झाली असेल, तर पाठवणं आणि नोंदवणं यांचा क्रम उलटा लागला आहे किंवा उत्तर तपासलेलं नाही.