छापलेल्याला छापूनच उत्तर

जिल्ह्यातल्या कुठल्याही दैनिकाचं शेवटचं पान उलटून अगदी तळाशी बघा. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: मालक कोण, मुद्रक कोण, संपादक कोण, अंक कुठे छापला. ही ओळ कायद्याने छापावी लागते. खोट्या बातमीने पोळलेल्या माणसाची वाट तिथूनच सुरू होते, कारण तक्रार कुणाच्या नावाने करायची ते त्या ओळीत असतं.

समजा, आष्टी तालुक्यात एकाची छोटी खवा भट्टी आहे. दसऱ्याच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले आणि नमुना घेऊन गेले. ३ ऑक्टोबरला बातमी झळकली: ‘भेसळयुक्त खवा जप्त, भट्टीला टाळे’. प्रत्यक्षात जप्तीही नव्हती आणि टाळंही नव्हतं. नमुना घेणं ही तपासणी आहे, निकाल नव्हे. कायद्याने नमुन्याचे चार भाग होतात, त्यातला एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणजे बातमी छापली तेव्हा खव्यात भेसळ आहे की नाही हे कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण गिऱ्हाइकं त्याच दिवशी तुटली.

आपल्याकडे अशा वेळी लोक थेट वकील गाठतात. पण दुसरीही एक वाट आहे, भारतीय प्रेस परिषदेची, आणि तिची रचना पाहून मी थक्क होतो. १९६६ साली ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा अध्यक्ष होते न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर. आणीबाणीत ती मोडली गेली आणि १९७८च्या कायद्याने पुन्हा आली. अध्यक्षांखेरीज अठ्ठावीस सदस्य, त्यातले वीस वृत्तपत्रसृष्टीतलेच. पत्रकाराचं चुकलं की नाही, हे ठरवायला बसतात ते बहुतांशी पत्रकार, संपादक आणि मालक!

परिषदेकडे जाण्याआधी मात्र संपादकाला पत्र लिहावंच लागतं. भट्टीवाल्याने त्यात संताप ओतून उपयोग नाही. बातमीतलं कोणतं वाक्य खोटं, खरं काय आणि त्याचा कागद कोणता, एवढंच लिहायचं. नमुना घेतल्याची नोटीस आणि अहवालाची प्रत जोडायची, पत्र टपालाने पाठवून पावती जपायची. संपादकाने ठसठशीत दुरुस्ती छापली, तर प्रकरण तिथेच मिटतं.

नाही छापली तर दिल्ली. इथे घड्याळ सांभाळावं लागतं. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांत तक्रार पोचायला हवी. अहवालाची वाट पाहण्यात आपल्या भट्टीवाल्याचे दोन आठवडे आधीच गेलेले, आणि डिसेंबर उजाडताच मुदत संपत येते. सबळ कारण असेल तर अध्यक्ष उशीर माफ करू शकतात, पण त्यावर विसंबू नये. तक्रारीसोबत कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला लिहिलेलं पत्र आणि उत्तर आलं असल्यास तेही लागतं. शिवाय या विषयावर कोर्टात काही चालू नाही, असं लिहून द्यावं लागतं. दावा आधीच ठोकला असेल तर परिषद चौकशीच करत नाही. घाईने कोर्टात गेलेल्यांची वाट इथेच अडते.

त्यानंतर संपादकाला कारणे दाखवा नोटीस जाते आणि चौकशी समिती दोन्ही बाजू ऐकते. तिथे एक साधा प्रश्न फार जड ठरतो: छापण्यापूर्वी भट्टीवाल्याला विचारलं होतं का? ज्याच्यावर आरोप करायचा त्याचं म्हणणं घ्यावं आणि बातमीसोबतच छापावं, हा परिषदेच्या आचारसंहितेतला स्पष्ट नियम आहे. ‘सूत्रांनी सांगितलं’ एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही. सूत्र उघड करायला मात्र परिषद पत्रकाराला भाग पाडू शकत नाही, आणि तेही योग्यच आहे.

दोष सिद्ध झाला तर दंड नाही, तुरुंग नाही, नुकसानभरपाईचा एक रुपया नाही. परिषद ताकीद देते, निषेध नोंदवते आणि चौकशीचा तपशील वृत्तपत्राला छापायला लावू शकते. हे बिनदाताचं वाटतं खरं. पण निर्णयाची प्रत सरकारी जाहिराती देणाऱ्या खात्यांकडेही धाडली जाते, आणि जिल्हा दैनिकांचा श्वास त्या जाहिरातींवर किती चालतो हे बीडमध्ये कुणाला सांगायला नको.

हे सगळं छापील मजकुरापुरतं. टीव्हीवरच्या बातमीला परिषदेचा हात पोचत नाही. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे परिषदेचे माजी अध्यक्ष. २००८ साली एका इंग्रजी वृत्तवाहिनीने घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या जागी चुकून त्यांचा फोटो काही सेकंद दाखवला. ज्या संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, तिच्याकडे ते जाऊ शकत नव्हते. त्यांनी पुण्याच्या कोर्टात दावा लावला आणि २०११ साली कोर्टाने वाहिनीला शंभर कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला.