गल्ल्यावरच्या माणसाला पटेल असं पत्र

साड्यांच्या दुकानाला ‘महिनाभर तुमचं इन्स्टाग्राम-फेसबुक सांभाळतो’ असं पत्र देताना फॉलोअर वाढवण्याची भाषा नको. गल्ल्यावर बसलेल्या शेठला त्याचं काय? आठवड्याला तीन पोस्ट, एक रील, भाव विचारणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर, एवढं नेमकं लिहावं. महिनाअखेरीस मोजायचे ते आलेले फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चौकशा. त्यासाठी मागच्या महिन्याचे आकडे आधीच टिपून ठेवावेत. चाचणी लग्नसराईत आली तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावं, नाहीतर हंगामाची गर्दी आपल्याच नावावर खपते. पासवर्ड मात्र मागू नये. फेसबुक पेजवर मालक मर्यादित अधिकार देऊ शकतो, नंतर काढूनही घेऊ शकतो. हे पत्रातच लिहावं. जाहिरातीचा खर्च वेगळा, हेही.