पायरीपर्यंत येऊन परत जाणारी गिऱ्हाइके

नाशिकच्या सिडकोतल्या एका पार्लरवाल्या ताईंचा मला फोन आला तो बोर्ड बदलण्यासाठी. दुकानांच्या पाट्या आणि दर्शनी भाग करून देणे हा माझा व्यवसाय. मी गेले तेव्हा ताई म्हणाल्या, "मॅडम, बायका पायरीपर्यंत येतात, आत बघायचा प्रयत्न करतात आणि निघून जातात. बोर्ड मोठा करू या का?" बोर्ड आधीच दहा फूट लांब आणि तीन फूट उंच होता. त्यावर तीन परदेशी चेहरे, वळणदार अक्षरांत नाव, चौदा सेवांची यादी आणि दोन मोबाइल नंबर होते. खाली पूर्ण काचेवर आरशासारखी फिल्म लावलेली होती. पायरीपर्यंत आलेल्या बाईला बोर्ड दिसलेलाच असतो. तिला दिसत नाही ते आतले. म्हणून काम बोर्डाचे कमी आणि काचेचे जास्त होते. तरी सुरुवात बोर्डापासूनच करते, कारण रस्त्यावरची नजर आधी तिथे जाते.

पाटीचा आराखडा दुकानासमोर उभे राहून करायचा नसतो. फुटपाथने जाणारी बाई दुकानाकडे तोंड करून चालत नाही. ती साधारण सेकंदाला चार फूट चालते, म्हणजे दहा फुटांचे दुकान अडीच सेकंदांत मागे पडते. भिंतीला समांतर लावलेला बोर्ड तिला कडेनेच दिसतो, आणि त्यावरची यादी वाचली जाणे शक्यच नसते. तिच्यासाठी भिंतीपासून काटकोनात पुढे आलेली, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी छोटी पाटी हवी. ताईंकडे आम्ही दोन फूट बाय दोन फुटांचा ग्लो साइन बोर्ड लावला आणि त्यावर 'पार्लर' हा एकच मोठा शब्द घेतला. अशी पाटी रस्त्याच्या बाजूला येत असल्याने महापालिकेची परवानगी आधी विचारून घ्यावी आणि खालून माणूस आरामात जाईल इतकी उंच, किमान आठ फुटांवर बसवावी.

अक्षर किती मोठे घ्यायचे याचा एक साधा हिशेब आहे. दर दहा फूट अंतरासाठी एक इंच उंची घेतली की अक्षर चालता चालता सहज वाचता येते. साठ फुटांवरून पाटी दिसावी असे वाटत असेल तर सहा इंच. मात्र हा हिशेब रोमन अक्षरांचा धरून आपल्याकडे गल्लत होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार असतात. टोकापासून टोकापर्यंत सहा इंच मोजले तर मधल्या अक्षराला जेमतेम साडेतीन-चार इंच उरतात. म्हणून सहा इंच मोजायचे ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, आणि वरखाली मोकळी जागा वेगळी सोडायची.

'पार्लर' हाच शब्द घ्या. त्यातला रफार 'ल'च्या डोक्यावर असतो. कॉम्प्युटरवर वळणदार फॉन्ट निवडला की तो रफार केसाएवढा बारीक होतो किंवा वरच्या किनारीत कापला जातो, आणि लांबून 'पालर' असे वाचले जाते. आतून उजळणारी सुटी अक्षरे करायची असतील तर आणखी अडचण येते. अक्षराची रेघ बारीक असली तर आत एलईडीचे मोड्यूल बसत नाहीत. पेटीची खोली कमी ठेवली तर पुढच्या ॲक्रिलिकवर दिव्यांचे ठिपके दिसतात. शिरोरेषेमुळे बाकीचा शब्द एकसंध कापता येतो, पण अनुस्वार सुटा राहतो आणि त्याला स्वतःची वायर लागते. वर्षभराने संध्याकाळी अनुस्वारच विझलेला दिसतो तो यामुळे. लहान अक्षरांसाठी म्हणूनच मी उजळ पेटीवर जाड, साधी अक्षरे कापून लावणे पसंत करते.

दारावरच्या मुख्य बोर्डावर ताईंनी ठेवलेले नाव आणि त्याच्या बरोबरीच्या आकारात 'लेडीज पार्लर' एवढेच ठेवले. नवीन दुकानाच्या नावाला अजून अर्थ चिकटलेला नसतो, त्यामुळे धंद्याचा शब्द बारीक ठेवून चालत नाही. इंग्रजी नाव खाली घेतले. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. मराठी अक्षरे आधी यावी लागतात आणि इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. फ्लेक्सवरचे परदेशी चेहरे काढायला ताई थोड्या नाराज होत्या. मी त्यांना शेजारच्या गल्लीतला एक जुना बोर्ड दाखवला. उन्हात छपाईतला गुलाबी आणि पिवळा रंग आधी उडतो आणि निळा मागे राहतो. त्या बोर्डावरचे चेहरे आजारी, निळसर दिसत होते. ज्या दुकानात चेहरा खुलवतात त्याच्या दारावर असा चेहरा नको, हे मग वेगळे सांगावे लागले नाही.

आता काच. पार्लरच्या काचेपुढे दोन उलट मागण्या असतात. बाहेरच्या बाईला आत कोण आहे, स्वच्छता कशी आहे, आपल्याला परवडेल का हे पाहायचे असते. आत खुर्चीत बसलेल्या बाईला, केसांना रंग लावलेल्या अवस्थेत, रस्त्यावरच्या कोणी आपल्याला पाहायला नको असते. बहुतेक पार्लर दुसरी मागणी मानून पूर्ण काच बंद करतात. तिथेच नवे गिऱ्हाईक पायरीवरून परत फिरते, कारण बंद काचेमागे पुरुष आहेत की बायका, गर्दी आहे की रिकामे, काहीच कळत नाही.

त्यातही आरसा फिल्मचा धोका वेगळाच. ती दिवसा काम करते, कारण बाहेर उजेड जास्त असतो. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर अंधार आणि आत ट्यूबलाइट असे झाले की फिल्म उलटी वागते. आतल्यांना काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि बाहेरच्यांना आतले सगळे. पार्लरची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. मी ताईंना रात्री आठ वाजता रस्त्यापलीकडे नेऊन उभे केले. दोन मिनिटे त्या काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी फिल्म निघाली.

तिच्या जागी दुधी, फ्रॉस्टेड फिल्मचा पट्टा घेतला. तो किती उंचीवर यावा हे आतल्या फरशीपासून मोजायचे, फुटपाथपासून नाही. ताईंच्या दुकानाला दोन पायऱ्या आहेत, म्हणजे आतली जमीन बाहेरच्यापेक्षा एक फूट उंच. रस्त्यावर उभ्या बाईचे डोळे फुटपाथपासून सुमारे पाच फुटांवर, म्हणजे आतल्या फरशीपासून चार फुटांवर येतात. खुर्चीत बसलेल्या बाईचे डोके साधारण सव्वाचार फुटांपर्यंत जाते. आम्ही फरशीपासून दोन फुटांवर पट्टा सुरू केला आणि साडेचार फुटांवर संपवला. आता समोरच्या फुटपाथवरून उभ्याने काम करणाऱ्या मुलीचा चेहरा आणि वरचे उजळ छत दिसते, बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. पट्ट्याखालच्या दोन फुटांतून फरशी दिसते. ती केस न पडलेली, पुसलेली असेल तर स्वच्छतेबद्दल वेगळे काही लिहावे लागत नाही. नसेल तर मात्र ती काच रोज तुमच्याविरुद्ध साक्ष देईल, म्हणून प्रत्येक कटिंगनंतर झाडू फिरला पाहिजे. एक काळजी आणखी घ्यावी. दुधी काचेला अगदी चिकटून कोणी बसले तर रात्री तिची सावली स्पष्ट उमटते. खुर्च्या काचेपासून दोन-तीन फूट आत सरकवल्या की ती विरते. वॅक्सिंग तर मागच्या खोलीतच हवे.

दर्शनी दहा फुटांपैकी तीन फूट दार आणि सात फूट काच होती. सातपैकी दाराजवळचे दोन फूट आम्ही पूर्ण पारदर्शक ठेवले. त्यामागे ताईंचे टेबल आहे. दार ढकलण्याआधी बाहेरच्या बाईला समोर बसलेली बाई दिसते आणि दोघींची नजरानजर होते. माझ्या मते पूर्ण दर्शनी भागातली ही सर्वात मोलाची दोन फूट जागा आहे. तिथे खोकी, कॅलेंडर, चप्पलस्टँड काही येऊ देऊ नये.

त्याच पारदर्शक भागाच्या कडेला सजावट केली. आधी तिथे क्रीमच्या बाटल्यांची रांग होती. पश्चिमेचे ऊन थेट काचेवर येते, त्यामुळे वेष्टने फिकी पडली होती आणि आतला माल तापून खराब होतो तो वेगळाच. शिवाय बाटल्या कोणत्याही दुकानात मिळतात. आम्ही तिथे केशरचना शिकण्याचे डमी डोके ठेवले, चेहरा फरशीपासून चार फुटांवर, म्हणजे रस्त्यावरच्या नजरेच्या समोर. ताई स्वतः त्यावर केशरचना करतात. गौरी-गणपतीच्या आधी नऊवारीवर शोभणारा खोपा आणि गजरा, लग्नसराईत नवरीचा अंबाडा, सुट्ट्यांत लहान मुलींच्या वेण्या. दर पंधरा दिवसांनी त्या ती बदलतात. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या बाईची नजर न बदलणाऱ्या वस्तूवर ठरत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी अकराला डमी दिसलीच नाही. काचेत समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडाचा सुमारे आठ टक्के भाग परत फेकते. हे ऐकायला थोडे वाटते, पण उन्हातली भिंत आतल्या वस्तूपेक्षा शंभरपटीहूनही उजळ असू शकते, त्यामुळे प्रतिबिंबच जिंकते. आम्ही डमी काचेपासून अर्ध्या फुटावर आणली, मागे काळ्याऐवजी फिका पडदा लावला आणि एक स्पॉटलाइट वरून, पुढच्या बाजूने दिला. मागून दिवा दिला की फक्त काळी आकृती दिसते. दिवा चार हजार केल्विनचा, रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय नव्वदच्या वरचा घ्यावा. स्वस्त दिव्याखाली मेंदीचा तांबूस रंग मातकट दिसतो. तरीही भर उन्हात प्रतिबिंब थोडे राहतेच. संध्याकाळी, गिऱ्हाइकांच्या वेळी, काचेतून स्वच्छ दिसते एवढे आम्हाला पुरेसे होते.

शेवटचे काम सर्वात लहान होते. दाराच्या मुठीजवळ, उभ्याने वाचता येईल असे वहीच्या पानाएवढे कार्ड लावले. त्यावर चौदा नाहीत, चारच दर आहेत: आयब्रो, हेअरकट, साधे फेशियल, मेंदी. शेजारी उघडण्या-बंद होण्याची वेळ आणि 'अपॉइंटमेंट नसली तरी या' ही ओळ. ताईंना भीती होती की दर पाहून बायका जातील. काही जात असतीलही. पण आत येऊन भाव ऐकून संकोचाने उठावे लागेल, या धास्तीने पायरीवरून परतणारी बाई त्या कार्डामुळे दार ढकलते. एवढेच सांभाळा, की दर वाढवले तर त्याच दिवशी कार्ड बदला. दारावर एक आकडा आणि बिलावर दुसरा निघाला, तर ती बाई पुन्हा येणार नाही आणि शेजारणीलाही सांगेल.