आगळाच्या पानावर आंबापोळीची तक्रार

समजा, ॲमेझॉनवर कोणी कोकमाचं आगळ घ्यायला गेलं आणि खाली रिव्ह्यू वाचला : 'फार चिवट आहे, दाताला चिकटते, मुलांनी अर्धी टाकून दिली.' आगळ दाताला कसं चिकटेल? तक्रार आहे आंबापोळीची. विक्रेता एकच, ब्रँड एकच, म्हणून कोणीतरी दोन्ही वस्तू एका कुटुंबात घातल्या आणि रिव्ह्यूंची सरमिसळ झाली.

हे कुटुंब म्हणजे व्हेरिएशन. एकच शर्ट चार मापांत आणि तीन रंगांत असेल तर बारा पानं न करता सगळे पर्याय एकाच पानावर दिसतात. वर असतो 'पेरेंट', जो फक्त नावापुरता. तो विकत घेता येत नाही. त्याच्याखाली 'चाइल्ड', म्हणजे प्रत्यक्ष विकली जाणारी वस्तू. प्रत्येक चाइल्डला स्वतःचा दहा अक्षरी ASIN असतो. रिव्ह्यू खरं तर त्या चाइल्डचाच असतो, पण पानावर तो भावंडांच्या रिव्ह्यूंसोबत दाखवला जाऊ शकतो. आगळ 250, 500 आणि 700 मिलिलिटरमध्ये असेल तर यात काही गैर नाही, कारण चव तीच. आंबापोळी मात्र आगळाचं 'माप' नव्हे.

असा घोळ कधी एक्सेलच्या फायलीत चुकीचा पेरेंट भरल्यानं होतो, तर कधी मुद्दाम घातला जातो. नव्या मालाला जुन्या मालाचे तारे आयते मिळावेत, हा त्यातला हिशेब. अमेरिकेत जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या 'द बाउंटिफुल कंपनी'वर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 2023 साली याच कारणावरून कारवाई केली. वेगवेगळी उत्पादनं एकाच कुटुंबात दाखवून नव्या उत्पादनांना जुन्यांचे रिव्ह्यू आणि 'बेस्ट सेलर'सारखे शिक्के मिळवून दिल्याचा तो आरोप होता. कंपनीला 6 लाख डॉलर भरावे लागले. आयोगाची या प्रकारातली ती पहिलीच कारवाई.

नुकसान किती होतं, तेही पाहू. आगळाला 200 जणांनी सरासरी 4.5 तारे दिले आणि आंबापोळीला 50 जणांनी 3, तर साधी सरासरी 4.2 येते. (ॲमेझॉनचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, पण दिशा हीच.) पोळीला फुकटचा मान मिळतो आणि चांगल्या आगळाची किंमत उतरते.

दुरुस्तीच्या आधी कोणता रिव्ह्यू कुठल्या चाइल्डचा आहे ते पाहायचं. बऱ्याच रिव्ह्यूंच्या मथळ्याखाली बारीक अक्षरांत 'Size: 500 ml' अशी ओळ असते. चिकटपणाच्या तक्रारीखाली तिथे पोळीचं नाव असेल तर दोष जोडणीचा. मग विक्रेत्यानं सध्याच्या लिस्टिंगची फाईल उतरवून जपून ठेवावी आणि पेरेंटचा SKU शोधावा. डिलीट करायचा तो फक्त पेरेंट. जुन्या पद्धतीच्या फायलीत ते असं दिसतं :

```
item_sku       update_delete
AGAL-PARENT    Delete
```

घाईत चाइल्डचा SKU काढला, तर विक्रीची नोंदच जाते आणि गोदामातला माल अडकून पडतो. पेरेंट गेला की मुलं सुटी होतात आणि सहसा आपापले रिव्ह्यू घेऊन वेगळी दिसू लागतात. पान बदलायला एखादा दिवस लागू शकतो, तेवढ्यात पुन्हा फाईल चढवू नये. सगळं स्थिरावल्यावर आगळाच्या तीन मापांसाठी नवा पेरेंट करायचा, `variation_theme` फक्त मापाची ठेवायची आणि पोळीला एकटीच राहू द्यायची.

एवढं करूनही जोडणी तशीच राहिली, तर ती बहुधा दुसऱ्या विक्रेत्याच्या किंवा ब्रँडच्या माहितीवरून आलेली असते. तिथे आपली फाईल चालत नाही. सेलर सपोर्टकडे केस करावी लागते : पेरेंटचा ASIN, दोन्ही चाइल्डचे ASIN, दोन्ही पाकिटांच्या लेबलांचे फोटो आणि 'ही वेगवेगळी उत्पादनं आहेत, जोडणी तोडावी' एवढं एकच वाक्य. लांबलचक कैफियत वाचायला कोणाला वेळ नसतो.

एका घोळाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. जुन्या ASINचंच नाव आणि फोटो बदलून त्यावर दुसरी वस्तू बसवली असेल, तर रिव्ह्यू वेगळे करायला दुसरं चाइल्डच नसतं. तिथे जुनं पान मूळ वस्तूला परत द्यायचं आणि नव्या वस्तूला शून्य रिव्ह्यूंनी नवं पान करायचं, हाच सरळ मार्ग.

भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं 2022 साली IS 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात. तेव्हा ग्राहकांनी तारे मोजण्याआधी रिव्ह्यूखालची ती बारीक ओळ वाचावी, आणि वस्तू भलतीच निघाली तर त्या पानाची तक्रार जरूर करावी.