कुशीवर वळलं की खुब्यात कळ

पुण्यातल्या पन्नाशीच्या एका शिक्षिकेचा विचार करा. दिवसभर फारसा त्रास नाही, पण रात्री उजव्या कुशीवर वळलं की खुब्याच्या बाहेरच्या टोकदार हाडावर सुरी खुपसल्यासारखी कळ येते. डाव्या कुशीवर झोपलं तरी थोड्या वेळाने ठणका सुरूच. चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये हे दुखणं बरंच आढळतं.

त्या हाडावर द्रवाची एक चपटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. तिला सूज आली, म्हणजे ‘बर्सायटिस’ झाला, हेच निदान वर्षानुवर्षं चिठ्ठीवर लिहिलं जाई. पुढे सोनोग्राफीने वेगळंच दाखवलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 877 रुग्णांच्या अभ्यासात बर्साची सूज जेमतेम पाचांपैकी एकात सापडली. बहुतेकदा मूळ कुरकुर असते ती नितंबाच्या स्नायूंना या हाडाशी जोडणाऱ्या कंडरांची. बर्सा सुजली, तरी ती अनेकदा त्यांच्याच जोडीने.

कंडरेला दाब सोसत नाही. दुखऱ्या कुशीवर झोपलं की ती गादी आणि हाड यांच्यात चेपते. दुसऱ्या कुशीवर वरचा पाय पुढे घसरतो आणि कंडरा हाडावर ताणून बसते. पायावर पाय टाकून बसणं किंवा एका पायावर भार देऊन कंबर कलती ठेवून उभं राहणं, यानेही तेच होतं. म्हणून बाहेरची बाजू ताणण्याचे व्यायाम सगळे आवडीने करतात खरे, पण त्याने दुखणं बहुधा चिघळतं.

ओळखायचं कसं? हाडावर बोट दाबल्यावर नेमकं तिथेच दुखतं का, हे डॉक्टर बघतात. मग त्याच पायावर तीस सेकंद उभं राहायला सांगतात. कळ बाहेरच्या बाजूला आली, तर संशय कंडरेवर. दुखणं जांघेत असेल आणि मोजे घालायला वाकणं जड जात असेल, तर सांध्याची झीज तपासावी लागते.

शिक्षिकेने आधी झोप सुधारावी: पाठीवर, गुडघ्यांखाली उशी घेऊन. कुशीवरच झोप येत असेल तर न दुखणारी बाजू खाली आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायांमध्ये जाड उशी. मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकावेत. सुरुवात साधी: पाठीवर पडून, गुडघे वाकवून कंबर सावकाश उचलायची. थोडं दुखलं तर चालतं. रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी.

आणि इंजेक्शन? ऑस्ट्रेलियात 204 रुग्णांवर झालेली चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी बरं वाटलेल्यांचं प्रमाण सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांत सुमारे 77 टक्के, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत 58 टक्के होतं. तेव्हा सुई आधी नको, असंच म्हणावं लागेल.

पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, ताप असेल, पायात बधिरपणा उतरत असेल किंवा चालताना कंबर एका बाजूला कलत असेल, तर मात्र घरगुती प्रयोग न करता लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं.