‘गणितात प्रगती करेल’ म्हणजे नेमकं काय?

‘विद्यार्थिनी गणितात प्रगती करेल.’ विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात अशा धाटणीचं वाक्य अनेकदा सापडतं. वाचायला बरं वाटतं, पण वर्षअखेरीस ते खरं ठरलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मूल पाचापर्यंत मोजत होतं आणि आता सहापर्यंत मोजतं, तरी प्रगतीच. काहीच आलं नाही, तर ‘हळूहळू होईल’ असं म्हणता येतं. आराखडा कामाचा आहे की नुसता फायलीत लावायचा आहे, हे या एका वाक्यावरून कळतं. म्हणून त्यातल्या प्रत्येक रकान्याची ओळख करून देत बसण्यापेक्षा एकच उद्दिष्ट घेऊ. ते कसं लिहितात, कसं मोजतात आणि पालक-शिक्षकांच्या बैठकीत त्याचं काय होतं, ते पाहू.

शाळांमध्ये या आराखड्याला सरसकट ‘आयईपी’ म्हणतात. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि प्रत्येक मुलासाठी असा लेखी आराखडा करणं शाळांना बंधनकारक झालं. तिथे पालक हे आराखडा ठरवणाऱ्या गटाचे सदस्य असतात आणि वर्षातून निदान एकदा त्याचा आढावा घ्यावाच लागतो. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शाळांवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत: दिव्यांग मुलाला त्याच्या गरजेनुसार आधार द्यायचा आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं. आराखडा कसा लिहावा याचा नमुना मात्र त्या कायद्यात नाही. त्यामुळे चांगला आराखडा कसा असतो, हे पालकांनाही माहीत असलेलं बरं.

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकणारी नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. तिला आपण ओवी म्हणू.

आराखड्याची सुरुवात ‘सध्याची पातळी’ या भागाने होते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो इथेच. ‘ओवीला पैशांचे व्यवहार समजत नाहीत’ असं लिहिलं, तर शिकवायला कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहिलेलं पाहा: ‘दहापर्यंतच्या वस्तू एकेक करून बिनचूक मोजते. पाचचं नाणं मागितल्यावर दहापैकी नऊ वेळा ओळखून देते. एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांत गल्लत करते. सात रुपये दे म्हटलं की हाताला येतील ती सात नाणी देते. दुकानात जायला आवडतं, दुकानदाराशी आपणहून बोलते.’ यातलं सात नाण्यांचं निरीक्षण लाखमोलाचं आहे. ओवीला मोजता येतं, पण ती नाण्यांची संख्या मोजते, त्यांची किंमत नाही. म्हणजे तिला अंक पुन्हा गिरवायला लावण्यात काही अर्थ नाही. पाचचं एकच नाणं पाच रुपयांचं असतं, हे तिला शिकवायचं आहे. आणि दुकानाची आवड आहे, तर शिकवायची जागाही मिळाली. ही माहिती वर्गशिक्षकांच्या निरीक्षणातून येते, तशीच आईच्या तोंडूनही येते. पालकांना बोलावलं जातं ते सही करायला, पण त्यांची खरी गरज या पहिल्या पानाला असते.

त्यानंतर वर्षाचं उद्दिष्ट येतं. ओवीचं उद्दिष्ट असं असू शकेल: ‘मार्चअखेर, समोर दहाच्या नोटा आणि एक, दोन, पाचची नाणी असताना वीस रुपयांपर्यंतची कोणतीही रक्कम मागितली, तर ओवी कुणाच्याही मदतीशिवाय दहापैकी आठ वेळा ती बरोबर देईल. हे वर्गात आणि घराजवळच्या दुकानात, दोन्हीकडे जमेल.’ कोणत्या परिस्थितीत, काय करेल, किती बरोबर आणि कधीपर्यंत, हे चारही प्रश्न यात सुटतात. वीसच रुपये का? पेन्सिल, खोडरबर, बिस्किटाचा छोटा पुडा ही तिच्या रोजच्या कामातली खरेदी तेवढ्यात होते. दहापैकी दहा का नाही? कारण घाईगर्दीत चूक तुमच्याआमच्याकडूनही होते.

वर्षाचं उद्दिष्ट तिमाहीच्या पायऱ्यांत विभागलेलं असतं. सप्टेंबरपर्यंत नाणी ओळखून वेगळी करणं. डिसेंबरपर्यंत पाचचं नाणं ठेवून पुढे ‘सहा, सात’ असं मोजत दहापर्यंतची रक्कम देणं. मार्चपर्यंत दहाची नोट ठेवून वीसपर्यंत जाणं. याखेरीज कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळ, कोणतं साहित्य वापरून, परीक्षेत कोणत्या सवलती द्यायच्या, वाचा उपचारांसारखी जोड लागेल का, हेही आराखड्यात लिहायचं असतं. सगळ्यात शेवटी पुढच्या आढाव्याची तारीख येते. एका वेळी तीन-चार उद्दिष्टं पुरे होतात. पंधरा लिहिली, तर एकाचीही नोंद नीट ठेवली जात नाही.

नोंदीची रीत साधी आहे. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, दहा वेळा वेगवेगळी रक्कम मागायची. बरोबर आलं की चूक, एवढ्यावर न थांबता मदत किती लागली तेही लिहायचं. स्वतःहून दिलं, नुसती खूण केल्यावर दिलं, तोंडी सांगितल्यावर दिलं, की हात धरून करून घ्यावं लागलं? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांत मदतीच्या या पायऱ्या नेहमी वापरतात. गुणपत्रिकेला जी प्रगती दिसत नाही, ती इथे दिसते. जुलैत प्रत्येक वेळी हात धरावा लागत होता आणि सप्टेंबरात नुसत्या खुणेने काम होतं. ‘स्वतः’च्या रकान्यात अजून शून्यच आहे, पण मूल खूप पुढे आलेलं आहे.

आता डिसेंबरची आढावा बैठक. वर्गशिक्षिका, विशेष शिक्षक आणि ओवीची आई बसले आहेत. वर्गातली नोंदवही सांगते, दहापर्यंतच्या रकमा दहापैकी आठ वेळा स्वतःहून बरोबर. आईने घरी ठेवलेली वही सांगते, दुकानात दहापैकी तीन वेळा. अशा वेळी बैठक फिसकटते ती ‘घरी सराव घेत नाहीत’ आणि ‘शाळेत वाढवून लिहितात’ या दोन वाक्यांनी. दोन्ही वह्या खऱ्या आहेत असं धरून चाललं, तर प्रश्न बदलतो: वर्गात आणि दुकानात वेगळं काय आहे?

विचारत गेलं की उलगडतं. वर्गात सराव होता पुठ्ठ्याच्या नाण्यांवर, त्यांच्यावर मोठा, ठळक आकडा छापलेला. दुकानात खरी नाणी आहेत. एक आणि दोन रुपयांची नाणी एकाच रंगाची, आकारातही थोडाच फरक, शिवाय जुन्या-नव्या धाटणीची एकत्र चालणारी. दुसरी गोष्ट, दुकानात मागे माणसं उभी असली की आई पटकन म्हणते, ‘अगं, पाचचं दे.’ ओवीला विचार करायला वेळच मिळत नाही, आणि नोंद होते तोंडी मदतीची.

मग बैठकीत ठरतं ते असं. पुठ्ठ्याची नाणी बंद करायची आणि वर्गातही खरी, सर्व धाटणींची नाणी वापरायची. दुकानात दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जायचं. रक्कम सांगितल्यावर आईने मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मगच खूण करायची. दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं. डिसेंबरच्या पायरीपुढे ‘साध्य’ लिहायचं नाही, कारण वर्गात जमलेलं दुकानात जमत नाही तोवर ते अर्धंच शिकलेलं आहे. चार आठवड्यांनी दोन्ही वह्या पुन्हा शेजारी ठेवायच्या. तेव्हा दुकानातला आकडा सहावर आला, तर रीत लागू पडली. तीनवरच अडला, तर कारण आणखी कुठेतरी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये नजरेचे दोष बरेच आढळतात. नाण्यावरचा बारीक आकडा तिला दिसतो तरी का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं.

आढाव्यात निर्णय व्हायला हवा. सलग तीन-चार नोंदी अपेक्षेपेक्षा खाली असतील, तर मार्चची वाट न पाहता पद्धत बदलायची. उद्दिष्ट पहिल्याच महिन्यात गाठलं गेलं, तर ते सोपं होतं, ते वर न्यायचं. आणि तेच उद्दिष्ट जसंच्या तसं पुढच्या वर्षीच्या कागदावर उतरवलेलं दिसलं, तर तो धोक्याचा इशारा समजायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्याच्या मुळाशी हीच तक्रार होती. कोलोरॅडो राज्यातल्या डग्लस काउंटीमधल्या, स्वमग्न असलेल्या एका मुलाच्या आराखड्यात वर्षानुवर्षं जवळपास तीच उद्दिष्टं येत होती. पालकांनी त्याला त्या शाळेतून काढून खासगी शाळेत घातलं आणि दाद मागितली. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की आराखडा त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडेल अशा बेताने केलेला असला पाहिजे, नाममात्र प्रगती पुरेशी नाही.

आपल्या शाळांची अडचण वेगळी आहे, आणि ती खरी आहे. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक एका शाळेत रोज नसतात, त्यांच्याकडे अनेक शाळा असतात. वर्गशिक्षकांपुढे अख्खा वर्ग असतो. त्यामुळे रोजची नोंद त्यांच्यावर आणि घरच्यांवर येते. म्हणूनच उद्दिष्टं मोजकी हवीत आणि नोंदीची पद्धत दहा मिनिटांत आटोपणारी हवी. विशेष शिक्षक येतील त्या दिवशी त्यांना वही दाखवता आली, तर त्यांच्या मर्यादित वेळाचाही उपयोग होतो.

पालकांनो, बैठकीला जाताना घरची वही बरोबर न्या. ‘प्रगती आहे का?’ असं विचारू नका. ‘गेल्या महिन्याच्या नोंदी दाखवता का?’ असं विचारा. न समजलेल्या शब्दावर थांबवा आणि सही करण्याआधी कागद घरी नेऊन वाचायला मागा. आराखड्याची एक प्रत तुमच्याजवळ असू द्या. त्यावर पुढच्या आढाव्याची तारीख नसेल, तर उठण्यापूर्वी ती तिथेच लिहून घ्या.